रंग ठरवण्याआधी पेन्सिल: कुपवाडच्या एका वर्कशॉपची वेबसाइट कागदावर आखताना

छोट्या धंद्याची वेबसाइट करायची म्हटलं की पहिल्याच बैठकीत रंग निघतो. मालकांना निळा हवा असतो, त्यांच्या मुलाला काळ्यावर केशरी हवा असतो, आणि तासभर बोलणं होऊनही गिऱ्हाइकाला फोन नंबर कुठे दिसणार हा विषय निघतच नाही. म्हणून रंगाचं बोलणं बाजूला ठेवून आधी एक साधी पेन्सिलची आखणी करतात. तिला वायरफ्रेम म्हणतात. पानावर कोणती गोष्ट कुठे येणार, तिला किती जागा मिळणार आणि ती दाबल्यावर काय होणार, एवढंच त्या आखणीत असतं. रंग, सजावट, अक्षरांची वळणं यातलं काही नसतं.

उदाहरणासाठी कुपवाड एमआयडीसीतलं एक फॅब्रिकेशनचं वर्कशॉप घेऊ. मालक, तीन-चार वेल्डर आणि हिशोब बघणारा मुलगा, एवढा पसारा. गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग, रोलिंग शटर, पत्र्याचे शेड आणि तासगाव-कवठेमहांकाळकडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी बेदाणा शेडचे सांगाडे ही कामं. वेबसाइट एकाच पानाची हवी आहे आणि तिचे चार भाग ठरलेले आहेत: हेडर, सेवा, गॅलरी, संपर्क.

या मालकांना वायरफ्रेम समजावून सांगायला फार वेळ लागत नाही, कारण ते स्वतः रोज तेच करतात. मोठं गेट बनवायचं असेल तर आधी फरशीवर खडूनं पूर्ण मापात आखून घेतात, मग पाइप कापतात, टाके मारतात, वेल्डिंग करतात, घासतात, रेड ऑक्साइड मारतात आणि सगळ्यात शेवटी रंग देतात. खडूची रेघ पायानं पुसता येते, कापलेला पाइप परत जोडावा लागतो. पानाचंही तसंच आहे. कागदावरचा चौकोन खोडायला दहा सेकंद लागतात. तोच भाग रंगवून, कोड लिहून, फोटो बसवून झाल्यावर हलवायचा म्हटलं की दोन दिवस जातात, आणि मग "जाऊ दे, आहे तसं राहू दे" असं म्हणून चुकीची रचना कायमची मागे लागते.

रंग मागे ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. रंगीत नमुना समोर ठेवला की बघणारा रंगावरच बोलतो. लालभडक बटण कुठेही ठेवलं तरी नजरेत भरतं, त्यामुळे त्याची जागा चुकली आहे हे कळतच नाही. पेन्सिलीत मात्र एखादी गोष्ट महत्त्वाची वाटायला हवी असेल तर तिला मोठी करावी लागते, वर आणावी लागते किंवा तिच्याभोवती मोकळी जागा सोडावी लागते. रचनेची खरी परीक्षा तिथे होते.

मापात काढलेला फोन

वायरफ्रेमसाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. कागद, पेन्सिल, खोडरबर आणि पट्टी पुरते. पण एक शिस्त पाळावी लागते: आखणी मापात हवी. बहुतेक लोक कागदावर अंदाजानं एक मोबाइल काढतात, त्यात चार चौकोन टाकतात आणि सगळं छान बसलं म्हणून खूश होतात. पुढे खरी अक्षरं टाकायची वेळ आली की काहीच बसत नाही.

माप असं धरा. अनेक अँड्रॉइड फोनची स्क्रीन वेबसाइटच्या हिशोबानं साधारण ३६० पिक्सेल रुंद आणि ८०० पिक्सेल उंच असते. ए-फोर कागदावर ९ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच चौकट काढली की १ सेंटिमीटर म्हणजे ४० पिक्सेल आणि १ मिलिमीटर म्हणजे ४ पिक्सेल असं सोपं प्रमाण मिळतं. त्या २० सेंटिमीटरमधली वरची-खालची थोडी जागा ब्राउझरच्या पट्ट्या खातात, म्हणून एका वेळी प्रत्यक्ष दिसणारी उंची आपण १६ सेंटिमीटर धरू.

हे प्रमाण एकदा हातात आलं की पुढचे बरेच वाद पट्टीनंच मिटतात. वाचायची साधी अक्षरं १६ पिक्सेलची, म्हणजे कागदावर ४ मिलिमीटर. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जरा जास्त हवा लागते. एका ओळीला साडेसहा मिलिमीटर धरा. बोटानं दाबायच्या जागेसाठी अँड्रॉइडच्या डिझाइन मार्गदर्शनात ४८ गुणिले ४८ हे किमान माप दिलेलं आहे, म्हणजे आपल्या कागदावर १२ मिलिमीटर. वेल्डरच्या किंवा शेतकऱ्याच्या रापलेल्या बोटासाठी यापेक्षा लहान बटण काढूच नये. दोन्ही कडांना ४-४ मिलिमीटर मोकळे सोडा. उरली ८.२ सेंटिमीटर रुंदी, ती आपली कामाची जागा.

फोन आधी आणि कॉम्प्युटर नंतर, हा क्रम मी मुद्दाम सांगतो. बांधकामाच्या जागेवर उभा असलेला माणूस फोनवरच बघणार आहे. शिवाय अरुंद जागेत काय आधी आणि काय नंतर हे ठरवावंच लागतं. रुंद पडद्यावर सगळं शेजारी शेजारी मांडून तो निर्णय टाळता येतो.

काढायच्या खुणा थोड्याच आहेत. फोटोच्या जागी चौकोन आणि त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. बटणाच्या जागी चौकोन आणि आत त्यावरचे शब्द. मजकुराच्या जागी मजकूरच. पेन्सिलीच्या तीन छटा वापरायच्या: कोरा कागद, हलका करडा आणि गडद. गडद फक्त जे दाबायचं आहे त्यालाच. एका वेळी दिसणाऱ्या भागात दोनपेक्षा जास्त गडद चौकोन झाले, तर गिऱ्हाइकानं नेमकं काय करावं हे आपलंच ठरलेलं नाही असं समजावं.

हेडर: साडेपाच सेंटिमीटरची अडचण

हेडरची पट्टी १.४ सेंटिमीटर उंच काढा. उजवीकडे 'फोन करा' बटणासाठी २.२ सेंटिमीटर द्या. दोन्ही कडा आणि मधली फट वजा केली की वर्कशॉपच्या नावासाठी साधारण साडेपाच सेंटिमीटर उरतात. आता त्यात पाच मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत नाव लिहून बघा. आपल्याकडची नावं अशी असतात: आधी देवाचं नाव, मग 'इंजिनिअरिंग', मग 'अँड फॅब्रिकेशन वर्क्स'. एका ओळीत निम्मंसुद्धा बसत नाही. दोन ओळी केल्या तर पट्टी जाड होते, आणि ही पट्टी पान वर सरकवलं तरी डोक्यावर चिकटून राहणार असेल तर ती दिसणाऱ्या १६ सेंटिमीटरमधली जागा कायमची खाते.

इथं मालकांशी बोलावं लागतं. "दादा, लोक तुम्हाला तोंडी काय म्हणतात?" असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एका-दोन शब्दांत येतं. तेच नाव हेडरमध्ये. पूर्ण नोंदणीकृत नाव खाली संपर्कात, जिथे त्याला पूर्ण ओळ मिळते. ही गोष्ट कागदावर कळली तर दोन मिनिटांत ठरते. वेबसाइट झाल्यावर कळली तर नावाची अक्षरं बारीक करत नेण्याचा खेळ सुरू होतो आणि शेवटी नाव वाचताच येत नाही.

तीन आडव्या रेघांचा मेनू या पानाला लागत नाही, असं माझं मत आहे. पान एकच आहे आणि हेडरखाली भाग तीनच आहेत. मेनू उघडून 'गॅलरी' निवडण्यापेक्षा अंगठ्यानं पान सरकवणं सोपं. ती जागा फोनच्या बटणाला दिली तर गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडते.

पट्टीच्या खाली पहिलं वाक्य. हे वाक्य कागदावर खरंखुरं लिहायचं. "आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत" या ओळीला जागा लागते आणि तिच्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी: "गेट, रेलिंग, पत्र्याचे शेड, बेदाणा शेड. माप घेऊन बनवतो, जागेवर बसवून देतो." त्याखाली बारीक अक्षरांत "कुपवाड एमआयडीसी, सांगली". मग कामाचा एकच मोठा फोटो आणि त्याखाली 'व्हॉट्सअ‍ॅपवर माप पाठवा' हे बटण.

आता बेरीज करू. हेडर १.४, मोठ्या अक्षरांच्या दोन ओळी १.६, पत्त्याची ओळ ०.७, फोटो ८.२ रुंद म्हणून चारास तीन या प्रमाणात सुमारे ६.२ उंच, बटण १.२, आणि मधल्या फटी मिळून दीडच्या आसपास. झाले साडेबारा सेंटिमीटर. खाली साडेतीन उरले. त्यात 'सेवा' हा मथळा आणि पहिल्या सेवेच्या चौकोनाची वरची कड दिसते, बाकीचा चौकोन कापलेला. हा कापलेला तुकडा मुद्दाम ठेवावा, कारण खाली आणखी काही आहे हे त्यावरूनच कळतं. बेरीज बरोबर १६ आली आणि पडदा एखाद्या कोऱ्या फटीवर संपला, तर बघणाऱ्याला पान तिथेच संपल्यासारखं वाटतं.

मालक बहुतेक वेळा आपोआप सरकणारे पाच फोटो मागतात. नाही म्हणू नका, कागद द्या. पाच चौकोन काढा आणि प्रत्येकाखाली वेगळं वाक्य लिहा असं सांगा. तिसऱ्या वाक्याला हात थांबतो. ज्याला पाच वाक्यं सुचत नाहीत त्याला पाच फोटोंची गरज नाही. आणि सुचली तरी चौथा फोटो येईपर्यंत बघणारा खाली गेलेला असतो.

सेवा: सतरा कामं आणि तीन प्रकारची माणसं

मला विचाराल तर वायरफ्रेममधलं खरं काम या भागात आहे. मालकांना सेवांची यादी मागितली की ते आठवतील तशी सांगतात: मेन गेट, सरकतं गेट, खिडकीची ग्रिल, सेफ्टी दरवाजा, बाल्कनी रेलिंग, एसएस रेलिंग, गोल जिना, रोलिंग शटर, पत्र्याचं शेड, पार्किंग शेड, गोठ्याचं शेड, बेदाणा शेड, पाण्याच्या टाकीचा स्टँड, सोलरचा स्टँड, कंपाउंडची जाळी, मशीनचा बेस, आणि जुन्या कामाची दुरुस्ती. सतरा झाली. प्रत्येकीला एक चौकोन दिला आणि एका चौकोनाला फटीसकट ३.३ सेंटिमीटर धरले, तर ५६ सेंटिमीटर होतात. साडेतीन पडदे भरून नुसती यादी. सोलर स्टँड हवा असलेला माणूस तिथवर पोचत नाही.

मग चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एक काम. मालकांपुढे टाका आणि म्हणा, "एकच माणूस येऊन जी कामं विचारतो ती एकत्र ठेवा." हे त्यांना झटकन जमतं, कारण माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर असतात. विश्रामबागेत घर बांधणारा गेट, ग्रिल, रेलिंग, सेफ्टी दरवाजा विचारतो. तासगावचा बागायतदार बेदाणा शेड, गोठा, टाकीचा स्टँड, कंपाउंड विचारतो. एमआयडीसीतला शेजारचा कारखानदार मोठं शेड, शटर, मशीनचा बेस विचारतो. तीन ढीग झाले: घरासाठी, शेतासाठी, कारखाना-दुकानासाठी.

एखादी चिठ्ठी कुठेच बसत नाही, ती नीट बघावी. दुरुस्ती इथं अडते, कारण ती तिघांनाही लागते. तिला चौथा चौकोन द्यायची गरज नाही. तिन्हींच्या खाली एक ओळ पुरते: "जुन्या गेट-शटरची दुरुस्तीही करतो." पण त्याआधी मालकांना विचारून घ्या की दुरुस्तीची कामं खरंच हवी आहेत का. काही वर्कशॉप ती फक्त ओळखीखातर करतात, आणि मग ती ओळ लिहूच नये.

आता प्रत्येक गटाचा चौकोन आखू. वर गटाचं नाव, एक ओळ. मग कामांची नावं, दोन ओळी. आणि मग दोन ओळी अशा, ज्या बहुतेक वेबसाइटवर नसतात: अंदाज हवा असेल तर काय पाठवायचं. घराच्या गटात "गेटची रुंदी-उंची फुटांत आणि जागेचा एक फोटो". रेलिंगला "जिन्याच्या पायऱ्या आणि एकूण लांबी". शेतासाठी "शेडची लांबी-रुंदी, किती कप्पे, गाव". हे लिहायला बसलं की एक अडचण वर येते. लोखंडी गेटचा हिशोब बहुधा किलोवर होतो, एसएस रेलिंगचा रनिंग फुटावर, शेडचा चौरस फुटावर. तेव्हा "दर किती?" याला एकच उत्तर देता येत नाही, आणि म्हणूनच दराचा तक्ता टाकण्याऐवजी माप मागणं योग्य ठरतं. दर लिहायचा की नाही हा निर्णय मात्र मालकांचा आहे. तोपर्यंत त्या जागी एक रिकामा चौकोन काढून आत प्रश्नचिन्ह ठेवा. कागदावरची अशी प्रश्नचिन्हं खोडू नयेत, पुढच्या भेटीत तीच आधी सोडवायची असतात.

मोजून बघा. एका गटाला ४.२ सेंटिमीटर, तीन गटांचे फटींसकट सव्वातेरा, मथळा धरून साडेचौदाच्या आत. सतरा कामं, तीन गिऱ्हाइकं आणि प्रत्येकाला काय पाठवायचं, एवढं सगळं एका पडद्यात बसलं.

गटांचा क्रमही ठरवावा लागतो. बेदाण्याचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर असतो आणि शेडची चौकशी त्याच्या आधी सुरू होते. त्या काळात शेताचा गट वर आणायचा असेल तर चौकोनाच्या शेजारी समासात "हंगामाआधी हा पहिला" एवढं लिहून ठेवा. तिन्ही चौकोन सारख्या मापाचे असतील तरच ही अदलाबदल सोपी जाते. कोड लिहिणाऱ्याला ही नोंद आधी मिळाली तर तो तशी सोय ठेवतो.

दोन-दोन चौकोन शेजारी मांडण्याचा मोह होतो, कारण ते दिसायला नीटनेटकं वाटतं. अर्ध्या रुंदीत चार सेंटिमीटर मिळतात. त्यात "कारखाना-दुकानासाठी" लिहून बघा, लगेच दुसऱ्या ओळीवर जातं. मराठीत प्रत्यय लागून शब्द लांबतात, त्यामुळे अरुंद चौकोनात शब्द तुटतात किंवा एका ओळीत एकच शब्द राहतो. मजकुराच्या जागी नागमोडी रेघा काढणाऱ्यांना हे शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की वायरफ्रेममध्ये खरे शब्दच लिहावेत.

गॅलरी: फुलीच्या चौकोनात नेमका कोणता फोटो?

गॅलरी काढायला सगळ्यात सोपी, फुल्या मारत जायचं. घोळ इथंच होतो. मालकांच्या फोनमध्ये शेकडो फोटो आहेत आणि त्यांना त्यातले चाळीस तरी हवे आहेत. दोन-दोन फोटोंची रांग धरली तर एक फोटो ४ सेंटिमीटर रुंद. आता उंची किती?

फोनवर उभा धरून काढलेला फोटो तीनास चार असतो, आडवा धरून काढलेला चारास तीन. चौकोन आडवे ठेवले तर उभ्या फोटोचा वरचा-खालचा भाग मिळून ४४ टक्के कापला जातो. जिन्याच्या रेलिंगचे फोटो बहुतेक उभेच असतात, म्हणजे जवळजवळ निम्मं रेलिंग गेलं. चौकोन उभे ठेवले तर तीच गत गेटच्या फोटोंची. समान बाजूंचा चौरस ठेवला तर दोन्ही प्रकारचे फोटो पाऊण शिल्लक राहतात. या वर्कशॉपसाठी चौरस बरा. पण गेटचा फोटो दोन्ही खांबांना टेकवून काढलेला असेल तर चौरसात खांब कापले जातील. त्यासाठी समासात दोन नोंदी: फोटोवर बोट ठेवलं की पूर्ण फोटो उघडावा, आणि यापुढे गेटचे फोटो चार पावलं मागे जाऊन काढावेत.

आता मोजा. चौरस ४ सेंटिमीटर, खालची ओळ ०.६, फट ०.२, म्हणजे एक रांग ४.८. चाळीस फोटोंच्या वीस रांगा, ९६ सेंटिमीटर. बरोबर सहा पडदे, आणि संपर्क त्यांच्याही खाली. हा आकडा मालकांपुढे ठेवला की वाद होत नाही. सहा फोटो ठेवले तर साडेचौदा सेंटिमीटरमध्ये काम होतं आणि खाली 'आणखी फोटो बघा' हे बटण येतं. सहा कोणते? वरचे तीन गट आहेतच, प्रत्येकाचे दोन.

फुल्या मारून थांबू नका. प्रत्येक फुलीच्या खाली ओळ लिहा: "सरकतं गेट, विश्रामबाग", "बेदाणा शेड, तासगाव". काम आणि गाव, बस. गावाचं नाव वाचून त्या भागातल्या माणसाला हे लोक आपल्याकडे येऊन काम करतात हे कळतं. ही ओळ लिहिताना कमतरता उघडी पडते. मालकांकडे गेटचे दोनशे फोटो असतात आणि कारखान्याच्या शेडचा एकही धड नसतो, कारण मोठं काम संपतं तेव्हा सगळे दमलेले असतात आणि फोटो काढायचं राहून जातं. तिथे फुलीत "फोटो काढायचा आहे" असं लिहा आणि कोण काढणार तेही लिहा. रंगीत नमुन्यात अशा जागी नेटवरचा कुठला तरी परदेशी गोडाउनचा फोटो चिकटवला जातो आणि तो तसाच राहतो. गिऱ्हाईक तो ओळखतं, आणि मग खऱ्या फोटोंवरही शंका घेतं.

गिऱ्हाइकाच्या घराचा फोटो लावण्याआधी त्यांना विचारून घ्यावं. दारावरच्या पाटीवरचं नाव आणि गाडीचा नंबर दिसत असेल तर तेवढा भाग झाकावा.

संपर्क, आणि न काढलेला फॉर्म

या भागात नाव, फोन, ईमेल, विषय, संदेश असा पाच खणांचा फॉर्म काढायची सवय सगळ्यांना असते. काढण्याआधी एकच विचारावं: भरलेला फॉर्म कोणाच्या ईमेलवर जाणार आणि तो ईमेल दिवसातून किती वेळा उघडला जातो? इथलं उत्तर असतं की ईमेल जीएसटीच्या कामापुरता उघडतात. मग फॉर्म नको. भरणारा वाट बघत राहील आणि मालकांना पत्ताही नसेल.

त्याऐवजी दोन गडद बटणं, दोन्ही पूर्ण रुंदीची आणि १.२ सेंटिमीटर उंच: 'फोन करा' आणि 'व्हॉट्सअ‍ॅपवर माप पाठवा'. प्रत्येकाच्या शेजारी समासात लिहायचं की दाबल्यावर काय होतं आणि तो नंबर कोणाच्या खिशात आहे. वेल्डिंग चालू असताना मालक फोन उचलत नाहीत. म्हणून फोन मुलाकडे आणि व्हॉट्सअ‍ॅप दोघांकडे, असं काहीतरी इथंच ठरून जातं. नंबर आकड्यांतही लिहिलेला हवा, म्हणजे दुसऱ्याला तोंडी सांगता येतो.

मग पूर्ण नाव, प्लॉट नंबरसह पत्ता, जवळची खूण, नकाशाचा चौकोन, वेळ आणि सुट्टीचा वार. खुणेची ओळ विसरू नका. एमआयडीसीत सगळे रस्ते सारखे दिसतात आणि नकाशा गल्लीच्या तोंडाशी आणून सोडतो. नकाशाला पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची देऊ नका. तो पडदाभर मोठा झाला की पान सरकवायला ठेवलेलं बोट नकाशाच सरकवत बसतं.

बोट कुठे जातं ते बघणं

सगळे भाग मिळून कागदाची पट्टी सत्तावन्न-अठ्ठावन्न सेंटिमीटरची होते. दोन ए-फोर कागद एकाखाली एक चिकटवले की पुरतं. आता एका पुठ्ठ्याला ९ गुणिले १६ सेंटिमीटरची खिडकी कापा आणि ती पट्टीवर ठेवा. खिडकीतून जेवढं दिसतं तेवढाच फोनचा पडदा. खालची पट्टी ओढली की पान सरकतं.

हे तीन गटांतल्या एकेका माणसापुढे ठेवा. समजावून सांगू नका, काम द्या. "काका, तुम्हाला बेदाणा शेडचा अंदाज हवा आहे. कुठे बोट ठेवाल?" आणि गप्प बसा. बोट सरळ व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावर गेलं तर ठीक. पट्टी खाली ओढून पुन्हा वर नेली तर काहीतरी शोधूनही सापडलेलं नाही. "किती पडेल?" असं तोंडी विचारलं तर माप मागणारी ओळ एक तर दिसली नाही किंवा पटली नाही. ती गटाच्या नावाच्या लगेच खाली आणून पुन्हा दाखवा. गोड बोलून "छान आहे" म्हणणाऱ्याचं मत धरू नका, त्याचं बोट कुठे गेलं ते धरा.

काही गोष्टी मात्र या पट्टीतून कळत नाहीत. भर उन्हात अक्षरं वाचता येतील का, फोटो किती वेळात उघडतील, हे खऱ्या फोनवरच बघावं लागतं.

फोनची पट्टी ठरली की कॉम्प्युटरचं पान काढायला फार वेळ लागत नाही. ए-फोर आडवा धरा आणि १ सेंटिमीटर म्हणजे ५० पिक्सेल घ्या, १२८० पिक्सेलचा पडदा २५.६ सेंटिमीटरमध्ये बसतो. तेच भाग, तोच क्रम. सेवांचे तीन गट शेजारी शेजारी, सहा फोटोंच्या तीन-तीनच्या दोन रांगा, संपर्कात डावीकडे पत्ता आणि उजवीकडे नकाशा.

मग या दोन कागदांवर मालकांची सही घ्या आणि समासातली प्रश्नचिन्हं एका कागदावर उतरवून त्यांच्या हातात द्या: दर लिहायचा का, कारखान्याच्या शेडचा फोटो कोण काढणार, सुट्टीचा वार कोणता, व्हॉट्सअ‍ॅप कोण बघणार. ती उत्तरं आल्यावर निळा की केशरी हे विचारायला हरकत नाही. तेव्हा रंगाला जागाही ठरलेली असते. गडद पेन्सिल जिथे आहे तिथेच तो भरायचा, आणि बटणावरची अक्षरं त्यावर नीट वाचता येतील एवढं बघायचं. वेबच्या सुगम्यता नियमांत साध्या अक्षरांसाठी अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातल्या फरकाचं प्रमाण किमान साडेचारास एक दिलेलं आहे. केशरी बटणावर पांढरी अक्षरं बहुतेक वेळा या मापात बसत नाहीत, काळी बसतात.